शेवटच्या पगारपत्रकातल्या दोन गाळलेल्या ओळी

नोकरी सोडल्यावर कंपनीकडून शेवटचा हिशोब येतो. कारखान्यात आणि कार्यालयात त्याला सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. त्यात शेवटच्या महिन्यातल्या दिवसांचा पगार असतो, बोनसचा वाटा असतो, गणवेशाची किंवा ओळखपत्राची कपात तर हमखास असते. कपातीच्या ओळी सहसा विसरल्या जात नाहीत. विसरल्या जातात त्या दोन: शिल्लक रजेचे पैसे आणि थकलेला ओव्हरटाइम.

हे बुडवण्यासाठीच केलेलं असतं, असा पहिला संशय येतो. काही ठिकाणी तो खराही असतो. पण पगार विभागात काम कसं चालतं ते पाहिलं, की दिसतं की या दोन रकमा चुकून सुद्धा अगदी सहज गळतात. महिन्याचा पगार संगणकात आधीच बसवलेला असतो, माणूस किती दिवस हजर होता एवढं सांगितलं की तो निघतो. रजा आणि ओव्हरटाइम मात्र बाहेरून यावे लागतात. रजेची शिल्लक एचआरच्या रजा नोंदवहीतून येते. ओव्हरटाइमचे तास टाइम ऑफिसकडून येतात, आणि टाइम ऑफिसला ते शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरच्या सहीनं मिळतात. पगार विभाग या दोन्ही गोष्टी स्वतः मोजत नाही. त्याच्याकडे आलेला आकडा तो दरानं गुणतो. आकडा आलाच नाही तर ओळही उमटत नाही, आणि संगणक त्याबद्दल तक्रार करत नाही.

म्हणून ‘माझे पैसे कमी आले, कृपया बघा’ एवढ्या मेलनं फारसं काही हलत नाही. पगार विभागातला माणूस आपला तक्ता उघडतो, त्यात आलेल्या आकड्यांचा गुणाकार बरोबर आहे हे पाहतो आणि ‘हिशोब बरोबर आहे’ असं कळवतो. त्याच्या बाजूनं ते खोटंही नसतं. त्याला हवा असतो तो न पोहोचलेला आकडा: किती दिवस, कुठल्या तारखांचे किती तास, कुठल्या दरानं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. चाकणच्या एका कारखान्यातला सीएनसी ऑपरेटर. कंपनीच्या थेट पगारावर, आठ तासांची शिफ्ट, रविवारी सुट्टी. महिन्याचा एकूण पगार 26,000 रुपये: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,600, विशेष भत्ता 2,600, घरभाडे भत्ता 5,200 आणि प्रवास भत्ता 2,600. त्यानं राजीनामा दिला, नोटिशीचा काळ पूर्ण भरला, आणि मंगळवार 14 जुलै हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. ऑगस्टच्या अखेरीस हिशोब आला. जुलैच्या 14 दिवसांचा पगार होता, बोनस होता. रजेच्या रकान्यात शून्य, आणि ओव्हरटाइमची ओळच नाही.

हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. रकाना आहे पण शून्य, याचा अर्थ पगार विभागानं रजेची विचारणा केली आणि रजा नोंदवहीतून ‘शिल्लक नाही’ असं उत्तर आलं. म्हणजे चूक वहीत आहे. ओळच नाही, याचा अर्थ तास पोहोचलेच नाहीत, आणि टाइम ऑफिस ते पगार विभाग या वाटेवर कुठेतरी ते अडकले आहेत. तिसरा प्रकार म्हणजे ओळ आहे, रक्कमही आहे, पण कमी वाटते. तिथे बहुधा दराचा घोळ असतो. पगारपत्रक हातात आलं की प्रथम एवढं पाहावं. विचारणा कोणत्या दारात न्यायची ते त्यावरून ठरतं.

आधी रजा पाहू. या ऑपरेटरच्या खात्यावर 1 जानेवारीला मागच्या वर्षीची 17 दिवसांची अर्जित रजा जमा होती. त्यातली त्यानं चार दिवस घेतली, 13 उरली. इथंवर वाद नाही. प्रश्न येतो तो चालू वर्षात कमावलेल्या रजेचा. कारखान्यात दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळते. पण बहुतेक कंपन्या ती वर्ष संपल्यावर एकदम खात्यात जमा करतात. जुलैत जाणाऱ्या माणसाच्या खात्यात जानेवारीपासूनची रजा दिसतच नाही, कारण ती अजून लिहिलेलीच नसते. 1 जानेवारी ते 14 जुलै हे 195 दिवस होतात. त्यातून 28 रविवार, तीन भरपगारी सुट्ट्या आणि त्यानं घेतलेली चार दिवसांची रजा वजा केली की कामाचे दिवस राहतात 160. वीसनं भागलं की आठ. तेरा आणि आठ मिळून एकवीस.

इथे एचआरकडून एक ठरलेलं उत्तर येतं: ‘वर्षात 180 दिवस भरले नाहीत, त्यामुळे या वर्षीची रजा लागू नाही.’ जुन्या पद्धतीनं चालणाऱ्या ठिकाणी 180 ऐवजी 240 सांगतात. नोकरीत असलेल्या माणसासाठी ही अट खरी आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात ती 240 दिवसांची होती, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ती 180 वर आणली. पण त्याच कलमात पुढे नोकरी सोडणाऱ्याची वेगळी सोय आहे. राजीनामा दिला, काढून टाकलं, निवृत्त झाला किंवा मृत्यू आला, तर अटीइतके दिवस भरले नसले तरी काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यायचे. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि संहितेतही राहिली आहे. आमच्या ऑपरेटरचे आठ दिवस बुडतात ते नेमके ही दुसरी ओळ न वाचल्यामुळे. आणि या खेपेला तर आधीच्या 13 दिवसांचीही शिल्लक शून्य दाखवली होती. राजीनाम्याच्या तारखेला खातं बंद करताना कुणीतरी रजा ‘लॅप्स’ केली असावी. हे प्रकार घडतात. संगणकात एक चुकीचं बटण पुरतं.

रजा मोजताना उलट बाजूची चूकही होते. नोकरदार आपल्या सगळ्या रजा एकत्र मिळवतो. किरकोळ रजा आणि आजारपणाची रजा यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, कंपनीनं किंवा युनियनच्या करारानं तसं कबूल केलं असेल तरच मिळतात. मागायची ती अर्जित रजा, पगारपत्रकावर जिला ‘ईएल’ किंवा ‘पीएल’ म्हणतात ती. कारखान्यात तीही पुढच्या वर्षात साधारण 30 दिवसांपर्यंतच नेता येते. मात्र मागितलेली रजा मालकानं नाकारली असेल तर ती या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून नाकारलेल्या रजेचा अर्ज जपून ठेवावा. दुकानं, बँकांच्या बॅक ऑफिसपासून आयटी कंपन्यांपर्यंतची कार्यालयं यांना महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यातही दर 20 दिवसांमागे एक दिवस हेच प्रमाण आहे, साठवण्याची मर्यादा मात्र 45 दिवसांची. त्याच कायद्यातल्या आठ दिवसांच्या किरकोळ रजेचे पैसे मागायला गेलात, तर नकार योग्यच असेल.

आता दर. एकवीस दिवस मान्य झाले तरी एका दिवसाचे किती, यावर हजारो रुपये इकडचे तिकडे होतात. कंपनीच्या संगणकात सहसा सगळ्यात स्वस्त सूत्र बसवलेलं असतं: मूळ वेतन भागिले 30. इथे ते 15,600 भागिले 30, म्हणजे दिवसाला 520 रुपये. यात दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, वेतन म्हणून काय धरलं? 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तिच्यासोबत बाकीच्या तीन कामगार संहिताही. या संहितांच्या व्याख्येत घरभाडे आणि प्रवास भत्ता वेतनाबाहेर आहेत, पण ‘विशेष भत्ता’ नावाचा, कशासाठी आहे ते न सांगणारा भत्ता त्या वगळलेल्या यादीत नाही. आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात धरायचा असतो. या ऑपरेटरचे वगळलेले भत्ते 7,800 आहेत, म्हणजे 30 टक्के. त्यामुळे परत मिळवण्यासारखं काही नाही. त्याचं वेतन 15,600 अधिक 2,600, म्हणजे 18,200 रुपये.

दुसरी गोष्ट, कितीनं भागलं? आठवड्याच्या सुट्ट्या वगळून महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतात. ग्रॅच्युइटीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये हाच विचार मान्य केला, आणि पुढे ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच 26 चा भाजक घातला गेला. रजेच्या बाबतीत तर कारण आणखी साधं आहे. शिल्लक रजा मोजताना रविवार धरलेले नाहीत, फक्त कामाचे दिवस मोजले. मग दर काढताना रविवार मिसळून भागणं हे एकाच व्यवहारात दोन मापं वापरणं झालं. जुन्या कारखाना कायद्यात रजेचा दर प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवर होता, त्याचाही रोख हाच. 18,200 भागिले 26 म्हणजे 700 रुपये. एकवीस दिवसांचे 14,700. कंपनीच्या सूत्रानं ते 10,920 झाले असते. अर्थात कंपनीच्या लेखी धोरणात किंवा युनियनच्या करारात एकूण पगारावर रजेचे पैसे देण्याचं कबूल केलं असेल, तर तो दर चालेल. कायदा खालची मर्यादा सांगतो, त्याहून जास्त द्यायला कुणाची मनाई नाही.

ओव्हरटाइमची गोष्ट वेगळी आहे. तिथे आकडा हरवतो तो तारखांमुळे. हजेरीचा महिना आणि पगाराचा महिना एक नसतो. या कारखान्यात हजेरी 21 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत धरतात, म्हणजे महिनाअखेर पगार तयार करायला वेळ मिळतो. शिवाय ओव्हरटाइम आणखी एक महिना मागे चालतो, कारण सुपरवायझरच्या सह्या गोळा व्हायला वेळ लागतो. तेव्हा 21 मे ते 20 जूनचे जादा तास जुलैच्या पगारात यायचे होते, आणि 21 जूनपासूनचे ऑगस्टच्या. ऑगस्टमध्ये टाइम ऑफिसनं सगळ्यांचे तास एकत्र चढवले, तेव्हा या माणसाचा कर्मचारी क्रमांक बंद झालेला होता. बंद क्रमांकाची ओळ संगणक नाकारतो आणि नाकारलेल्या ओळींच्या यादीत टाकतो. ती यादी रोज कोण उघडतं? पगार विभागात बसलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल. जुलैचे तास तर वेगळ्याच कारणानं राहिले: जुलैचा पगार नेहमीसारखा न काढता थेट अंतिम हिशोबात घेतला गेला, आणि तिथे ओव्हरटाइम हातानं भरावा लागतो.

महिन्याच्या मध्ये नोकरी सोडणाऱ्या माणसाचे असे एक नव्हे, दोन हजेरी-महिने अधांतरी राहतात. म्हणून मागणी करताना ‘शेवटच्या महिन्याचा ओव्हरटाइम’ असं लिहू नये. त्यातून पगार विभाग जुलै समजेल, आणि मे-जूनचे तास पुन्हा हरवतील. तारखा लिहाव्या.

आमच्या ऑपरेटरनं पहिल्या हजेरी-महिन्यात चार दिवस चार-चार तास आणि एक दिवस दोन तास जादा थांबून 18 तास केले. दुसऱ्यात पाच दिवस चार-चार आणि एक दिवस दोन, म्हणजे 22. एकूण 40. हे तास गेटवरच्या पंचिंगवरून काढायचे नाहीत. सहा वाजून पन्नास मिनिटांनी आत आलो आणि तीन वाजून चाळीसला बाहेर पडलो म्हणून तो सगळा वेळ काम ठरत नाही. कपडे बदलणं, बसची वाट पाहणं, जेवणाची सुट्टी त्यात येते. पगार विभाग मान्य करतो तो ओव्हरटाइमच्या स्लिपवरचा किंवा मंजुरीच्या मेलमधला आकडा. पंचिंग त्याला दुजोरा देतं. सुपरवायझरनं तोंडी थांबवून घेतलं आणि स्लिप केलीच नाही, तर पंचिंगसोबत त्या दिवशीचा उत्पादनाचा अहवाल, पुढच्या पाळीला काम सोपवल्याची नोंद, कंपनीच्या बसची यादी अशा गोष्टी जोडाव्या लागतात. काम सोडायच्या आठवड्यात सुपरवायझर अजून आपला असतो. बाकी राहिलेल्या स्लिपांवर त्याची सही घेण्याची वेळ तीच.

दर इथे दुप्पट आहे. कारखाना कायदा, महाराष्ट्राचा दुकाने कायदा आणि नवी वेतन संहिता, तिघांतही ओव्हरटाइम दुप्पट दरानंच आहे. तरी ‘सिंगल ओटी’ नावाचा प्रकार औद्योगिक वसाहतींत राजरोस चालतो, आणि कधी जादा तास ‘प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह’ असल्या नावाखाली साध्या दरानं दाखवले जातात. कामगारानं आधी ते घेतलं म्हणून हक्क संपत नाही. दिवसाचे 700 भागिले आठ म्हणजे तासाला 87 रुपये 50 पैसे, त्याच्या दुप्पट 175. चाळीस तासांचे 7,000 रुपये. एक बारकावा मात्र आहे. 1948 च्या कायद्यात ओव्हरटाइमच्या दरासाठी मूळ वेतनासोबत भत्तेही धरायचे होते, बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम तेवढा वगळून. तेव्हा कुणाचा ओव्हरटाइम 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीपासून थकलेला असेल, तर त्या काळाचा हिशोब वेगळा मांडावा. नव्या व्याख्येनं सरसकट मांडला तर आपलंच नुकसान.

रजेचे 14,700 आणि ओव्हरटाइमचे 7,000 मिळून 21,700 रुपये. जवळजवळ एका महिन्याचा पगार.

हा हिशोब करायला कागद लागतात, आणि अडचण इथेच येते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कर्मचारी पोर्टलचं लॉगिन बंद होतं, कंपनीचा मेल बंद होतो, आणि हिशोब येतो त्यानंतर आठवड्यांनी. तेव्हा नोटिशीच्या काळातच रजेची शिल्लक, गेल्या तीन महिन्यांची हजेरी, पगारपत्रकं आणि नेमणूकपत्र स्वतःजवळ घ्यावं. कंपनीचे गोपनीय कागद नव्हे, स्वतःच्याच नोंदी. हे राहून गेलं असेल तर तेही मागणीच्या मेलमध्ये मागावं: ‘माझी रजा नोंद आणि 21 मेपासूनची हजेरी पाठवावी.’ पगारपत्रक देणं आणि नोंदी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवावा, पगार विभागाला, आणि एचआरला प्रत. सुपरवायझरला प्रत घालणं बहुतेक वेळा नको, तो उगीच बचावात जातो. भाषा मराठी चालते, इंग्रजीच हवी असं काही नाही. त्या ऑपरेटरचा मेल असा असू शकतो:

प्रति,
पगार विभाग
विषय: अंतिम हिशोबात न आलेली अर्जित रजा व ओव्हरटाइमची रक्कम (कर्मचारी क्रमांक ....)

मी 14 जुलै रोजी सेवेतून मुक्त झालो. मला मिळालेल्या अंतिम हिशोबात अर्जित रजेच्या रकान्यात शून्य आहे आणि ओव्हरटाइमची ओळ नाही.

अर्जित रजा: 1 जानेवारीची शिल्लक 17 दिवस, घेतलेली 4, उरलेली 13. चालू वर्षात 160 दिवस काम केल्याबद्दल 8. एकूण 21 दिवस. दर 18,200 भागिले 26, म्हणजे 700 रुपये. रक्कम 14,700 रुपये.

ओव्हरटाइम: 25 व 26 मे, 3 व 11 जून, प्रत्येकी 4 तास, 18 जून 2 तास. 23, 24 व 30 जून, 2 व 7 जुलै, प्रत्येकी 4 तास. 9 जुलै 2 तास. एकूण 40 तास. दुप्पट दर 175 रुपये. रक्कम 7,000 रुपये.

रजा शिल्लकेची आणि मंजूर ओव्हरटाइम स्लिपांची छायाचित्रं जोडली आहेत. आपल्या नोंदीत फरक असल्यास कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या दराचा, ते लेखी कळवावे. एकूण 21,700 रुपये आणि सुधारित अंतिम हिशोब 7 दिवसांत मिळावा ही विनंती.

या मेलमध्ये राग नाही, कायद्याची कलमं नाहीत, ‘कारवाई करीन’ नाही. पहिल्या पत्रात ते नसावंच, कारण कलम वाचलं की पगार विभागातला माणूस मेल कायदा विभागाकडे ढकलतो आणि स्वतः मोकळा होतो. त्यापेक्षा तारखांची यादी त्याच्या कामाची असते. ती घेऊन तो नाकारलेल्या ओळींची यादी उघडू शकतो. सगळ्यात उपयोगी वाक्य ते ‘कोणत्या तारखेचा, कोणत्या दराचा’. ‘नियमानुसार योग्य आहे’ असं मोघम उत्तर त्यामुळे देता येत नाही. दिलं, तर तेच वाक्य पुन्हा विचारता येतं.

आणखी एका कागदाकडे लक्ष हवं. पैसे देताना ‘मला कंपनीकडून आता काहीही येणे नाही’ अशा छापील पावतीवर सही मागतात. बरेच जण सही करतात, कारण त्याशिवाय अनुभवपत्र मिळणार नाही असं सुचवलं जातं. शक्य असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावं: ‘रक्कम स्वीकारली. 21 दिवसांची रजा व 40 तासांचा ओव्हरटाइम येणे बाकी.’ तारीख घालावी आणि फोटो काढून ठेवावा. ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांनीही धीर सोडू नये. वेतनाचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेत निरर्थक ठरवला आहे, आणि 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही तो तसाच होता.

मुदतीबद्दल पगार विभागाचं एक आवडतं उत्तर आहे: ‘एफएनएफला 45 दिवस लागतात.’ तो कंपनीचा रिवाज आहे. जुन्या कायद्यात दोन दिवसांत पैसे देण्याचा नियम मालकानं काढून टाकलेल्या माणसापुरता लिहिलेला होता, राजीनामा देणाऱ्याबद्दल तिथे स्पष्टता नव्हती, आणि 45 दिवसांचा रिवाज त्या फटीत वाढला. वेतन संहितेनं राजीनामाही त्यात घातला. वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं, म्हणजे या ऑपरेटरला ते 16 जुलैपर्यंत मिळायला हवं होतं. रजेच्या पैशांना नोकरी सोडणाऱ्यासाठी दोन दिवसांची मुदत आधीपासून स्वतंत्रपणे आहेच.

सात दिवसांत उत्तर नाही आलं, तर दुसरं पत्र थोडं वेगळं असावं, आणि ते पगार विभागापेक्षा एचआर प्रमुखांना किंवा कारखाना व्यवस्थापकांना, स्पीड पोस्टानं. त्यात पहिल्या मेलची तारीख आणि संहितेचा उल्लेख असू द्या. तरीही गप्प बसले, तर कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करता येतो. वेतन संहितेनुसार दावा तीन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो (पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती), अधिकारी दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दहा पट हा कमाल आकडा आहे, सरसकट मिळणारा नव्हे. त्याच्या आशेवर दावा फुगवू नये. 40 तासांचे 55 करून मागितले आणि पंचिंगमध्ये 40 निघाले, तर उरलेल्या खऱ्या तासांवरही अविश्वास येतो.

सगळ्यांना हे सारखं लागू नाही. ओव्हरटाइमच्या तरतुदी कामगारांसाठी आहेत. व्यवस्थापक, किंवा ज्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि ज्याचा पगार मोठा आहे असा पर्यवेक्षक, याला दुप्पट दराचा दावा सहसा करता येत नाही. त्याच्या रजेचे पैसेही नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या रजा धोरणात जे लिहिलं असेल त्यावर ठरतात. मात्र ‘असिस्टंट मॅनेजर’ हे नुसतं नाव पुरत नाही. दिवसभर यंत्रावर किंवा संगणकावर स्वतः काम करणारा माणूस पदनामामुळे व्यवस्थापक होत नाही, न्यायालयं कामाचं स्वरूप पाहतात.

कंत्राटी कामगारांची अडचण निराळीच. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीत एकाच लाइनवर निम्मी माणसं ठेकेदाराची असतात. त्यांचा पगार ठेकेदार काढतो, ओव्हरटाइमची सही कंपनीचा सुपरवायझर करतो, आणि ठेका संपला की ठेकेदाराचं कार्यालयच दिसेनासं होतं. त्यांनी मागणी ठेकेदाराकडे करावी, पण प्रत मूळ कंपनीच्या एचआरला घालावीच. ठेकेदारानं वेतन दिलं नाही तर ते मूळ कंपनीनं द्यायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. ठेकेदाराचं बिल अजून कंपनीकडे अडकलेलं असेल, तर ही प्रत पुष्कळ काम करते.

पैसे आल्यावरही पत्रक वाचावं. रजेच्या पैशांतून भविष्य निर्वाह निधी कापला असेल तर विचारावं. रजेचे पैसे हे मूळ वेतनाचा भाग नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये मणिपालच्या एका संस्थेच्या खटल्यात ठरवलं आहे. ओव्हरटाइमवरही तो कापत नाहीत. आयकराचं गणित दोन्ही रकमांना वेगळं आहे. ओव्हरटाइम पगारासारखा करपात्र असतो. नोकरी सोडताना मिळालेले रजेचे पैसे खासगी नोकरदाराला आयुष्यभरात मिळून 25 लाख रुपयांपर्यंत करमुक्त आहेत, दहा महिन्यांच्या सरासरी पगारासारख्या काही मर्यादांच्या आत. 1 एप्रिल 2023 पूर्वी ही मर्यादा 3 लाख होती, आणि काही ठिकाणचे संगणक अजून तिथेच अडकलेले दिसतात. या ऑपरेटरच्या पगारावर कर बसणारच नाही, पण मोठ्या पगाराच्या माणसानं सुधारित अंतिम हिशोब मागून घ्यावा आणि वर्षअखेरीच्या टीडीएस प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. रजेची रक्कम तिथे करमुक्त रकान्यात नसेल, तर कापला गेलेला कर विवरणपत्र भरताना परत मागता येतो, आणि त्यासाठी ‘अर्जित रजा, 21 दिवस’ असं वेगळं लिहिलेलं हे पत्रकच लागतं.